पुढचा दात अडलाय, वर टाळूत जादाचा दात आहे: काढायचा कधी आणि कसा

प्रश्न: डॉक्टर, माझा मुलगा ८ वर्षं ४ महिन्यांचा आहे. वरचा एक पुढचा दात येऊन ९-१० महिने झाले पण शेजारचा अजून आला नाही, तिथं दुधाचाच दात आहे आणि तो हलत पण नाही. एक्स-रे काढला तर मध्ये जादाचा दात आहे म्हणाले, ऑपरेशन करून काढावा लागेल. घरचे म्हणतात थांबू, आपोआप येईल. आत्ताच काढायचा का? आणि पक्क्या दाताला काही होणार नाही ना? (तासगाव)

उत्तर:

ताई, तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तरी माझं मत "आता थांबू नका" असंच आहे, पण का ते नीट सांगतो, कारण घरच्यांना पण पटायला पाहिजे. मी सांगलीत लहान मुलांचे दात बघतो, वीसेक वर्षं झाली, आणि असली केस दर थोड्या महिन्यांनी एक येतेच. साधारण शंभर मुलांत एखाद्याला हा दात असतो, मुलग्यांत मुलींपेक्षा जास्त, जवळजवळ दुप्पट. त्यामुळे "आमच्याच पोराला कसं काय" असं मनात आणू नका. गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहणात काय केलं याचा काही संबंध नाही, हे पण सांगून ठेवतो कारण विचारतातच. दात तयार करणारी जी पट्टी असते ती तिथं जरा जास्त काम करून जाते एवढंच. घराण्यात असतो मात्र कधी कधी.

वरच्या दोन पुढच्या दातांच्या बरोबर मध्ये, बहुतेक वेळा मागं टाळूच्या बाजूला, हा जादाचा दात बसलेला असतो. त्याला मेसिओडेन्स म्हणतात. ढोबळमानानं दोन तऱ्हा. एक टोकदार, खिळ्यासारखा, याचं मूळ लवकर तयार होतं आणि बऱ्याचदा हा स्वतःच दोन दातांच्या मध्ये उगवतो, फट पाडतो, दात वाकडे करतो, पण वाट पूर्ण अडवत नाही. दुसरा पिंपासारखा गोल, वर दोन-तीन उंचवटे असलेला, मूळ जवळजवळ नाहीच. हा उशिरा तयार होतो, स्वतः सहसा उगवत नाही आणि टाळूकडनं पक्क्या दाताच्या वाटेवर बसून राहतो. दात अडकवणारा बहुतेक वेळा हा दुसरा. तुमच्या एक्स-रेत कुठला आहे ते मला दिसत नाही, पण एक दात आला आणि दुसरा आडलाय, दुधाचा हलत नाही, यावरून मला वाटतं हाच असणार.

उशीर झालाय हे कसं ओळखायचं

घरचे म्हणतात थांबू, त्यात पण तथ्य आहे, कारण दात सगळ्यांचे एकाच वयात येत नाहीत. वरचे पुढचे दोन ७ ते ८ व्या वर्षी येतात, काहींचे ९ व्या वर्षापर्यंत जातात आणि तरी सगळं ठीक असतं. म्हणून मी वयावर फार जात नाही, जोडीदारावर जातो. एका बाजूचा दात येऊन ६ महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा नाही, तर एक्स-रे काढायचाच. दोन्ही वरचे नाहीत पण खालचे पुढचे येऊन वर्ष उलटलं, तरीही काढायचा. आणि तिसरी खूण जी आईवडलांच्या सहसा लक्षात येत नाही, मधल्या मोठ्या दाताच्या आधी बाजूचा छोटा दात उगवला. क्रम चुकला की वाटेत काहीतरी आहे असं समजायचं. तुमच्याकडं पहिली खूण आहे आणि ६ महिने केव्हाच उलटलेत.

दात कधी आला ते आठवत नाही असं सगळेच म्हणतात. मी सांगतो मोबाईलमधले फोटो बघा, वाढदिवस, गणपती, शाळेचं गॅदरिंग. पोरगं हसताना कुठल्या फोटोत दात दिसायला लागला ते बरोबर सापडतं. या एका गोष्टीवर माझे निम्मे निर्णय होतात हो.

जादाचा दात हे एकच कारण नसतं हे पण सांगतो. लहानपणी पाळण्यातनं, ओट्यावरनं पडून दुधाच्या दाताला मार लागला असेल तर वरच्या पक्क्या दाताचं मूळ वाकडं तयार होतं आणि तो येत नाही. दाताच्या ऊतीची गाठ असते. दुधाचा दात फार लवकर काढला असेल तर हिरडी जाड होऊन बसते, आणि कधी कधी नुसती जागाच नसते. यातलं काय आहे ते एक्स-रेशिवाय सांगणारा माणूस अंदाजच करतोय.

एक पोरगं, पलूसकडचं

नाव काही देत नाही. ८ वर्षं २ महिने, वजन २४ किलो. वरचा उजवा पुढचा दात येऊन ११ महिने, डावीकडं दुधाचा दात घट्ट, आणि डाव्या बाजूचा छोटा दात आलेला, म्हणजे क्रम चुकलेला. आधी दुसरीकडं दाखवलं होतं, तिथं ओपीजी म्हणजे सगळ्या जबड्याचा लांब एक्स-रे काढून "सगळे दात आहेत, वाट बघा" सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते, सगळे दात होतेच की, एक जादाचा पण होता. ओपीजीत नेमका मधला भाग धूसर येतो, मानेच्या मणक्याची सावली पडते त्यावर आणि तिथं यंत्राचा स्पष्ट दिसणारा पट्टा फार अरुंद असतो, त्यामुळे मधला छोटा दात त्यात हरवतो. हे मी दुसऱ्याला नावं ठेवायला सांगत नाही, नवीन होतो तेव्हा मी स्वतः पण ओपीजीवर विसंबून एका मुलीला वर्षभर थांबवलेलं, अजून आठवतं.

मी आधी बोटानं बघतो. ओठ वर करून हिरडीवर बोट फिरवायचं, मग टाळूवर. या पोराच्या डाव्या बाजूला ओठाच्या आतल्या घडीत वर कडक फुगवटा लागला, तो अडकलेला पक्का दात, पुढं आणि वर ढकललेला. आणि टाळूवर पुढच्या दातांमागं जो छोटा मांसाचा उंचवटा असतो त्याच्या डाव्या अंगाला जरा भरल्यासारखं. बोटानंच निम्मं कळलं, पण बोटावर ऑपरेशन करत नाहीत.

मग छोटे एक्स-रे, त्याच जागेचे दोन. एक समोरून, आणि एक यंत्राची नळी बाजूला सरकवून. दोन कशाला, पैसे वाढवायला का, असं एका आजोबांनी मला तोंडावर विचारलं होतं. त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. एसटीत खिडकीत बसून मिरजेहून पंढरपूर रस्त्यानं जाताना जवळचे विजेचे खांब सपासप मागं जातात आणि लांबचा दंडोबाचा डोंगर आपल्याबरोबर चालल्यासारखा वाटतो. एक्स-रेत तसंच. नळी बाहेरून, ओठाच्या बाजूनं असते. नळी सरकवल्यावर जो दात नळीच्याच दिशेला सरकलेला दिसतो तो लांबचा, म्हणजे टाळूकडचा, आणि उलट दिशेला गेलेला दिसतो तो जवळचा, ओठाकडचा. एक फोटो फक्त वर-खाली डावं-उजवं सांगतो, पुढं आहे का मागं ते सांगत नाही, आणि चिरा कुठून द्यायचा ते तर त्यावरच ठरतं. आजोबा म्हणाले, "आस्सं व्हय, मग काढा दोन."

याचा जादाचा दात नळीबरोबर सरकला, म्हणजे टाळूत. आकार पिंपासारखा, मूळ नाही.

बऱ्याच केसमध्ये एवढ्यावर काम होतं. याचा दात पक्क्या दातावर इतका चढलेला दिसत होता की मी सीबीसीटी काढायला सांगितला, हा थ्रीडी स्कॅन, सांगली-मिरजेत होतो. सरसकट सगळ्यांना काढू नये, किरणं छोट्या एक्स-रेपेक्षा जास्त असतात आणि लहान मुलांत ते बघायला पाहिजे. काढायचाच तर फक्त पुढच्या भागाचा छोटा काढा, अख्ख्या डोक्याचा नको, हे तिथं सांगायला लागतं. स्कॅनमध्ये मला चार गोष्टी बघायच्या असतात: जादाचा दात पक्क्याला चिकटलाय का आणि कुठं, पक्क्याचं मूळ किती तयार झालंय आणि सरळ आहे का, मधली नस ज्या नळीतनं येते ती किती जवळ, आणि आणखी एखादा दात लपलाय का. हो, दोन दोन पण असतात. याचा एकच होता, पक्क्याचं मूळ सरळ आणि साधारण दोन तृतीयांश झालेलं.

हीच वेळ का

घाईनं ५ व्या वर्षी काढला तर शेजारचा पक्का दात अजून मऊ, कच्चा असतो, काढताना त्यालाच धक्का बसण्याची भीती. फार उशीर केला, १०-११ वर्षं झाली, तर पक्क्या दाताचं मूळ पूर्ण होऊन टोक बंद व्हायला लागतं आणि त्याची स्वतःहून खाली यायची ओढ कमी होते. शिवाय तोपर्यंत शेजारचे दात रिकाम्या जागेत झुकतात. मधला काळ, मूळ निम्म्याच्या पुढं गेलंय पण पूर्ण झालेलं नाही, हा बरा. साधारण ७ ते ९ वर्षं. तुमचं पोर त्यात बसतंय. या काळात जादाचा दात काढला तर साधारण चारातल्या तिघांत अडकलेला दात आपला आपण खाली येतो. आपोआप येईल हे तुमच्या घरच्यांचं म्हणणं बरोबरच आहे, फक्त आधी वाट मोकळी करायला पाहिजे.

मग प्रत्येक मेसिओडेन्स काढायचाच का? नाही. काही उलटे असतात, टोक नाकाकडं, वर खोल, कुणाला अडवत नाहीत. दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या एक्स-रेत अचानक दिसतात. पक्के दात व्यवस्थित आलेत, गाठ नाही, मुळं झिजत नाहीत, तर त्याला मी निदान शेजाऱ्यांची मुळं पूर्ण होईपर्यंत हात लावत नाही, वर्षाला एक एक्स-रे काढून बघत राहतो. आणि जो टोकदार दात तोंडात उगवलाय तो तर साध्या दातासारखा खुर्चीत चिमट्यानं निघतो, ऑपरेशन कसलं त्याला.

काढतात कसा

पहिला प्रश्न भूल कुठली. पोर ऐकणारं असेल, दात फार खोल नसेल, तर तेवढीच जागा बधिर करून खुर्चीत होतं. पलूसच्या पोराला मी आधी दोनदा नुसतं बोलावलं, खुर्ची वरखाली, पाण्याचा फवारा, आरसा हातात, म्हणून जमलं. पोर फार घाबरट किंवा ५-६ वर्षांचं, दात नाकाच्या तळाजवळ, किंवा दोन दात दोन दिशांना, तर पूर्ण भूल देऊन हॉस्पिटलात करावं, त्यात कमीपणा काही नाही. पूर्ण भूल असेल तर ६ तास आधीपासून अन्न आणि दूध बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. आणि आजीला स्पष्ट बजावून ठेवा. "उपाशी कसं न्यायचं लेकराला" म्हणून गुपचूप चहा-बिस्कीट दिलेलं असतं आणि मग भूलतज्ज्ञ केस रद्द करून मोकळे होतात, आणि त्यांचं बरोबरच असतं, भरलेल्या पोटातलं भुलेत छातीत जाऊ शकतं.

टाळूचं इंजेक्शन दुखतं, उगाच "मुंगी चावेल" सांगून फसवू नये. पण ते देण्याची रीत आहे. आधी औषधाचं जेल लावून थांबायचं, मग ओठाच्या बाजूनं हळूहळू, तिथलं फारसं दुखत नाही. ते बधिर झालं की दोन दातांमधल्या हिरडीच्या टोकातनं सुई आत घेत थोडं थोडं औषध सोडायचं, टाळूची बाजू पांढरी पडायला लागते, आणि मग त्या पांढऱ्या झालेल्या जागेतच टाळूचं इंजेक्शन द्यायचं. यात ५-७ मिनिटं जास्त जातात पण पोर हात धरत नाही. औषधाचं माप वजनावर. लिग्नोकेन मी लहान मुलांत किलोला ४.४ मिलिग्रॅमच्या पुढं नेत नाही, २४ किलोला साधारण १०५ मिलिग्रॅम, २ टक्क्यांच्या औषधात १ मिलीत २० मिलिग्रॅम असतं म्हणजे ५ मिलीच्या आसपास कमाल झाली. आम्हाला ३ मिली लागलं.

चिरा टाळूच्या मधोमध देत नाहीत, लोकांना वाटतं तसं. दातांच्या गळ्याभोवती हिरडीच्या कडेनं, एका बाजूच्या दुधाच्या सुळ्यापासून दुसऱ्या बाजूच्या सुळ्यापर्यंत, मागच्या बाजूनं, आणि मग टाळूची अख्खी कातडी हाडापासून पाकिटाचं झाकण उघडावं तशी सोडवायची. बाहेरून चेहऱ्यावर, ओठावर काहीच नाही, कसला व्रण राहत नाही. मध्ये एक बारीक नस आणि रक्तवाहिनी हाडातनं वर येते. ती वाचवता आली तर वाचवतो, आड आलीच तर कापतो, मग पुढच्या दातांमागची टाळू काही आठवडे जरा बधिर लागते आणि भरून येते. पोरं ते सांगत पण नाहीत.

खाली बहुतेक वेळा हाड पातळ असतं, अंड्याच्या कवचासारखं, आणि फुगलेलं, त्यातच जागा कळते. मीठपाण्याची धार सोडत हळू फिरणाऱ्या गोल टोकाच्या बारीक ड्रिलनं छोटी खिडकी करायची. कॅव्हिटी भरताना वापरतो ते हवेवर जोरात फिरणारं मशीन इथं वापरायचं नाही, त्याची हवा कातडीखाली शिरून चेहरा सुजतो.

आता सगळ्यात जपायची जागा. खिडकीत पांढरं काहीतरी दिसतं आणि हात शिवशिवतात की हाच, ओढा. पण तो पक्का दात पण असू शकतो! पक्क्या दाताची मागची बाजू रुंद, गुळगुळीत, खाली धार सरळ. जादाचा दात अरुंद, गोल, उंचवट्यांचा. मी दोन्ही दिसल्याशिवाय ओढत नाही, एक दिसतोय तेवढ्यावर नाही. शंका आली तर ओला गॉज ठेवून तिथल्या तिथं एक एक्स-रे काढतो, दोन मिनिटं जातात. आणि एलिव्हेटर म्हणजे दात उचकटायचं बारीक हत्यार लावताना टेकू हाडाचा घ्यायचा, शेजारच्या दाताचा नाही, ढकलायचं टाळूकडं, पक्क्यापासून लांब. निघत नसेल तर जोर वाढवण्यापेक्षा त्याचेच दोन तुकडे करून काढणं बरं.

पलूसच्या पोराचा निघाला तो काबुली हरभऱ्याएवढा, वर तीन उंचवटे, खाली मुळाच्या जागी नुसतं पोकळ भांडं. बाटलीत घालून दिला. त्यानं विचारलं, हा पण उंदराच्या बिळात टाकायचा का? तर म्हटलं हा नको, उंदीर बुचकळ्यात पडंल.

जादाच्या दाताभोवतीची पिशवी साफ केली, पक्क्या दाताची पिशवी मात्र न छेडता ठेवली, ती फाडली तर त्याच्या खाली येण्यावर परिणाम होतो. डावीकडचा घट्ट दुधाचा दात त्याच वेळी काढला. कातडी परत जागेवर ठेवून दातांच्या मधून तीन टाके, आणि १० मिनिटं गॉजनं टाळू दाबून धरली. हे दाबणं कंटाळवाणं आहे पण न केलं तर कातडीखाली रक्त साचून टाळू फुगते, रात्री फोन येतो. इंजेक्शन धरून एकूण ४० मिनिटं.

घरी गेल्यावर

पहिले २-३ तास ओठ बधिर असतो आणि पोरं तो चावत बसतात, संध्याकाळी सुजलेला ओठ बघून आई घाबरते की ऑपरेशन बिघडलं. त्यामुळे बधिरपणा जाईपर्यंत खायला काही नको आणि शेजारी कुणीतरी बसा. त्या दिवशी गार मऊ, आईस्क्रीम चमच्यानं, ताकभात गार करून. स्ट्रॉनं ओढून प्यायचं नाही, चूळ जोरात मारायची नाही, दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठपाणी नुसतं तोंडात घोळवायचं. भाकरी चुरून द्या, आणि भडंग आठवडाभर अगदी बंद, शेंगदाणे आणि त्याचं मसाल्याचं बारीक टाक्यांत अडकतं.

दुखण्याला पॅरासिटॅमॉल पुरतं, किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे २४ किलोला ३६० मिलिग्रॅम, ५ मिलीत २५० वालं सिरप असेल तर ७ मिली. बाटलीवर आकडा बघून घ्या कारण ५ मिलीत १२० आणि १२५ वालं पण मिळतं, आणि लोक चमच्यावर जातात. दोन डोसात ६ तास. मेडिकलमधनं "जोरदार गोळी" म्हणून निमेसुलाइड आणून अर्धी देऊ नका, १२ वर्षांखाली ती आपल्याकडं २०११ पासून बंद आहे.

थुंकीत गुलाबी रंग दुसऱ्या दिवसापर्यंत चालतो. पण लाल रक्त भरून येतंय आणि १५ मिनिटं दाबून थांबत नाही, टाळू गोळ्यासारखी खाली आली, तिसऱ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, ताप किंवा घाण वास यायला लागला, तर फोन करून थेट या. टाके ७ व्या दिवशी, विरघळणारे घातले असतील तर ते पण नाही.

पुढची वाट बघणं

इथं लोकांचा धीर सुटतो. दात काढला म्हणजे आठवड्यात पुढचा दात दिसेल असं वाटतं. नाही दिसत. हाड भरतं, मग दात सरकतो. मी ६ महिन्यांनी एक छोटा एक्स-रे काढतो आणि आधीच्याशी लावून बघतो, खाली सरकलाय का. सरकत असेल तर वर्षापर्यंत थांबायचं. मध्ये शेजारचे दात झुकून जागा खात असतील तर जागा धरून ठेवायची तार लावतो, कारण वरच्या पुढच्या दाताला ८.५-९ मिलिमीटर रुंदी लागते आणि तिथं ५ च शिल्लक असेल तर बिचारा येणार कुठून.

पलूसच्या पोराचा ६ महिन्यांनी निम्मा खाली आलेला दिसला, ९ व्या महिन्यात हिरडीतनं धार दिसली. पण आला तो जरा पुढं आणि थोडा फिरलेला, इतके दिवस बाजूला ढकलला गेला होता तर असणारच. दोन दाढा आणि चार पुढचे दात एवढ्यालाच तारा लावून ५ महिन्यांत रांगेत आणला, आणि परत फिरू नये म्हणून मागून बारीक तार चिकटवली. तारेचा हा भाग आधी सांगितलेला नसतो आणि मग घरचे म्हणतात ऑपरेशन करूनही वाकडाच आला. तुम्हाला आत्ताच सांगतोय, लागेल असं धरून चाला, नाही लागली तर चांगलंच.

सगळं असं सुरळीत होत नाही. एक पोरगी ११ वर्षांची असताना आली, दोन्ही वरचे दात नाहीत, "घराण्यात उशिराच येतात" म्हणून थांबलेले. मुळं पूर्ण झालेली. जादाचे दोन काढले, वर्ष थांबलो, हललेच नाहीत. मग परत हिरडी उघडून दातावर बटण चिकटवून त्याला बारीक साखळी, ती तारेला जोडून हळूहळू ओढून आणावे लागले, १४ महिने लागले. आले शेवटी, पण दोन ऑपरेशनं झाली आणि तिची सातवी अख्खी तोंडावर हात धरून हसण्यात गेली.

पक्क्या दाताला काही होणार नाही ना, या तुमच्या प्रश्नाला "शून्य धोका" असं उत्तर मी देत नाही. मुळाला धक्का, नंतर दाताचा रंग बदलणं, मूळ वाढायचं थांबणं, हे होऊ शकतं, क्वचित होतं, आणि जागा आधी नीट शोधून हळू काम केलं तर फार क्वचित. उलट तसाच ठेवला तर दात वर अडकून राहणं हे तुमच्या केसमध्ये दिसतंच आहे, शिवाय भोवती पाण्याची गाठ धरणं, शेजारच्या मुळाची झीज, हे पण क्वचित होतं.

त्यामुळे असं करा. ज्यांनी सांगितलं त्यांच्याकडंच करायला हरकत नाही, फक्त तीन गोष्टी विचारा: दात टाळूकडं आहे का ओठाकडं आणि ते कशावरून, पक्क्याचं मूळ किती झालंय, आणि काढल्यावर दात आला नाही तर तार कोण लावणार. नीट उत्तरं मिळाली तर तारीख घ्या. जुने सगळे एक्स-रे बरोबर न्या, मोबाईलवर काढलेला फोटो नको, मूळ फिल्म किंवा फाईल. परीक्षेचा आठवडा टाळा, बाकी मुहूर्त बघायची गरज नाही. आणि धाकटं भावंड असेल तर ते ७ वर्षांचं झालं की त्याचे पण वरचे पुढचे दात एकदा दाखवून घ्या, घराण्यात असतो म्हणालो ना.